गच्चीच्या गॅरंटीत काय बसत नाही

“आपल्या पत्रात तीन ठिकाणच्या गळतीची तक्रार आहे. त्यांपैकी सदनिका ५०१ मधली गळती आमच्या कामातल्या दोषामुळे आहे. ती आम्ही कोणताही आकार न घेता दुरुस्त करून देऊ. सदनिका ५०२ आणि ५०३ मधली गळती मात्र गॅरंटीच्या कलम ४ आणि कलम ६ मुळे आमच्या जबाबदारीत येत नाही. त्याची कारणं आणि पाहणीत सापडलेले पुरावे पुढे देत आहोत.”

ठाण्यातल्या एका पाच मजली सोसायटीला तिच्या वॉटरप्रूफिंग कंत्राटदाराकडून आलेल्या पत्राची ही सुरुवात. पत्र जुलै २०२४ च्या शेवटचं. गच्चीचं काम मे २०२२ मध्ये झालेलं, गॅरंटी सात वर्षांची. म्हणजे तिसऱ्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या तीन घरांत पाणी आलं आणि कंत्राटदार म्हणतो, तीनातलं एकच माझं. कमिटीच्या बैठकीत हे पत्र वाचलं गेलं तेव्हा आवाज चढले. “सात वर्षं गच्ची गळणार नाही असं यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलंय, आता कलमं कसली दाखवतात?” असा सगळ्यांचा सूर होता. सोसायटीने मत विचारलं म्हणून मी ते पत्र, मूळ करार आणि पाहणीचे फोटो एकत्र बसून वाचले. इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात अशी पत्रं मी नेहमी बघतो. त्यातली बरीचशी हात झटकणारी असतात. हे पत्र तसं नव्हतं, आणि ते का नव्हतं हे गच्ची असलेल्या प्रत्येक सोसायटीला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी गॅरंटीत काय लिहिलं होतं ते पाहू. “केलेल्या वॉटरप्रूफिंग कामाच्या साहित्यातील अथवा कारागिरीतील दोषामुळे गळती झाल्यास” कंत्राटदार ती विनामूल्य दुरुस्त करेल, असं पहिल्याच कलमात आहे. गच्ची गळणार नाही असं त्यात कुठेही नाही. कलम ४ म्हणतं की पावसाच्या पाण्याची आउटलेट आणि पाइप पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी साफ करून घेणं ही सोसायटीची जबाबदारी राहील, आणि पाणी तुंबल्यामुळे झालेलं नुकसान गॅरंटीत येणार नाही. कलम ६ म्हणतं की कंत्राटदाराच्या लेखी संमतीशिवाय गच्चीवर छिद्र पाडणं, काही ठोकून बसवणं किंवा फरशी फोडणं असं काम झालं, तर त्या कामामुळे होणारी गळती गॅरंटीबाहेर राहील. ही दोन कलमं जवळजवळ प्रत्येक वॉटरप्रूफिंग करारात असतात. सही करताना ती कुणी वाचत नाही. वाचली तरी ती कंत्राटदाराने सुटकेसाठी ठेवलेली पळवाट वाटते. ती पळवाट आहे की नाही हे ठरवायचं तर गच्चीवर नेमकं काय बसवलेलं असतं ते डोळ्यांसमोर आणावं लागेल.

या गच्चीवर जुना विटांचा कोबा काढून स्लॅब उघडा केला होता. स्लॅब आणि कठड्याची भिंत जिथे काटकोनात भेटतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा भरला, कारण मेम्ब्रेन काटकोनात दुमडलं की तडकतं. मग चार मिलिमीटर जाडीचं डांबरी मेम्ब्रेन गॅसच्या टॉर्चने वितळवून स्लॅबला चिकटवलं. एका पट्टीवर दुसरी पट्टी कडेने दहा आणि टोकाला पंधरा सेंटीमीटर चढवली. कठड्यापाशी मेम्ब्रेन भिंतीवर वळवून तयार फरशीच्या वर पंधरा सेंटीमीटरपर्यंत नेलं आणि तिथे भिंतीत चर पाडून त्याचं टोक आत खोचून बंद केलं. आउटलेटपाशी तेच मेम्ब्रेन पाइपच्या तोंडात आत वळवलं. वरून उताराचा मसाला साधारण चार सेंटीमीटर, आणि त्यावर चायना मोझॅक दोन सेंटीमीटर. उतार शंभराला एक, म्हणजे शंभर फुटांना एक फूट.

या वर्णनातली दोन मापं लक्षात ठेवायची आहेत. मेम्ब्रेन भिंतीवर पंधरा सेंटीमीटर चढलेलं आहे, आणि फरशीच्या वरच्या पृष्ठभागापासून ते फक्त सहा सेंटीमीटर खाली आहे. कलम ४ चा सगळा अर्थ पहिल्या मापात आहे आणि कलम ६ चा दुसऱ्या.

आता ५०२ चं घर. ते इमारतीच्या मागच्या बाजूला आहे. तिथल्या गच्चीचा भाग साधारण दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद, म्हणजे ८० चौरस मीटर. जिन्याची खोली आणि फूटभर वर आलेली उलटी बीम यांमुळे हा भाग बाकीच्या गच्चीपासून वेगळा पडलेला आहे. त्याचं पाणी मागच्या कठड्यापाशी असलेल्या दोन आउटलेटमधूनच खाली जातं. दोन्ही पाइप १०० मिलिमीटर व्यासाचे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर असा एक उभा पाइप राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या हिशोबाने सुमारे ४० चौरस मीटर छपराचं पाणी नेऊ शकतो. म्हणजे दोन पाइप, ८० चौरस मीटर, गणित बरोबर होतं. पण ते जेमतेम होतं. एक पाइप बंद पडला तर दुसरा पुरणार नाही, आणि दोन्ही बंद पडले तर पाण्याला दुसरी वाटच नाही.

पाहणीत दोन्ही बंद सापडले. पत्राला जोडलेल्या फोटोंपैकी एकात पहिल्या आउटलेटची जाळी बाजूला काढून ठेवलेली दिसते. जाळीत पानं अडकून पाणी साचतं म्हणून कुणीतरी ती उचलून ठेवली असावी. हे नेहमी घडतं आणि त्याने नुकसान जास्तच होतं, कारण जाळीवर अडकणारा कचरा हाताने काढता येतो, पाइपच्या वळणात जाऊन बसलेला येत नाही. इथे पाइपात कबुतरांची पिसं, अशोकाची पानं आणि दुधाच्या पिशव्या यांचा घट्ट बोळा होता. दुसऱ्या आउटलेटमध्ये वेगळाच माल निघाला. पाइपच्या पहिल्या वळणात सिमेंटची राड वाहून जाऊन दगडासारखी बसली होती. ती कुठून आली हे पुढे येईलच.

पाणी तुंबल्यावर गच्चीवर किती चढलं होतं हे सांगायला तिथे कुणी पट्टी घेऊन उभं नव्हतं. पण साचलेलं पाणी स्वतःची खूण ठेवून जातं. मागच्या कठड्याच्या आतल्या बाजूला, आडव्या सरळ रेषेत, मातीचा आणि शेवाळाचा डाग होता. फरशीपासून त्याची उंची अठरा सेंटीमीटर. कंत्राटदाराने त्या डागाशेजारी टेप धरून फोटो काढला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पत्रातला सर्वांत मोलाचा पुरावा तोच आहे.

अठरा सेंटीमीटर ऐकून कमिटीतल्या एकांना ते अतिशयोक्तीचं वाटलं. म्हणून आम्ही हिशोब मांडला. कठड्यापाशी १८ सेंटीमीटर पाणी असेल, तर शंभराला एक या उताराने आठ मीटर दूर, दुसऱ्या कडेला ते १० सेंटीमीटर असेल. सरासरी १४. ऐंशी चौरस मीटरवर चौदा सेंटीमीटर म्हणजे सुमारे ११ हजार लिटर. आउटलेट बंद असताना हे जमायला १४० मिलिमीटर पाऊस पुरेसा आहे. हवामान खातं चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाला अति जोरदार म्हणतं. ठाणे-मुंबईच्या पावसाळ्यात असा दिवस येणं नवलाचं नाही. कुठल्याही प्रलयाची गरज नव्हती.

आता पंधरा सेंटीमीटरच्या मापाकडे परत येऊ. पाणी पंधराच्या खाली आहे तोवर ते मेम्ब्रेनच्या आत आहे. पंधराच्या वर गेलं की ते कठड्याच्या साध्या प्लास्टरला भिडतं. प्लास्टरला केसासारख्या बारीक भेगा असतातच. पाणी त्यांतून भिंतीत शिरतं, विटांमधून खाली उतरतं आणि मेम्ब्रेनच्या पाठीमागून स्लॅब व भिंतीच्या सांध्यात पोचतं. तिथून घरात. मेम्ब्रेनला एकही छिद्र नसताना, एकही सांधा सुटलेला नसताना घर ओलं होतं. बादली काठोकाठ भरून वरून सांडली तर बादली फुटकी आहे असं कुणी म्हणत नाही, तसंच हे.

५०२ मधली ओल पाहिली की हे पटतं. तिथे छताच्या मध्यभागी काहीच नाही. बाहेरच्या भिंतीला लागून, छताच्या खाली वीतभर रुंदीचा ओला पट्टा भिंतीच्या पूर्ण लांबीभर आहे. मेम्ब्रेन एखाद्या जागी फाटलं असतं तर ओल एका ठिपक्यापासून पसरलेली दिसली असती. भिंतीच्या लांबीभर सारखी ओल म्हणजे पाणी भिंतीतून आलं. पण नुसतं दिसण्यावर न थांबता कंत्राटदाराने चाचणीही केली, आणि ती सोसायटीच्या सचिवांसमोर केली. पाइप साफ करून घेतल्यावर आउटलेटची तोंडं तात्पुरती बंद करून मागच्या भागात कठड्यापाशी दहा सेंटीमीटर पाणी भरलं आणि ४८ तास ठेवलं. घरात एक थेंब वाढला नाही. मग पाणी सोडून दिलं आणि कठड्याच्या आतल्या बाजूला, पंधरा सेंटीमीटरच्या वर, नळीने बराच वेळ पाणी मारलं. संध्याकाळी ५०२ चा पट्टा पुन्हा गडद झाला. मेम्ब्रेन शाबूत आहे आणि पाणी त्याच्या डोक्यावरून आलं, हे याहून सोप्या रीतीने सिद्ध करता येणार नाही.

पत्रात याच मुद्द्यावर आणखी एक वाक्य आहे, आणि ते गळतीहून गंभीर आहे. “पाणी साचल्याने स्लॅबवर येणाऱ्या भाराकडेही आपले लक्ष वेधतो.” एक चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे दहा किलो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण दीडशे किलो चल भारासाठी बांधलेला असतो. पंधरा सेंटीमीटर पाणी साचलं की तो सगळा भार पाण्यानेच वापरला. या गच्चीवर कठड्यापाशी १८० किलो झाला होता. स्लॅबच्या हिशोबात सुरक्षिततेसाठी जास्तीची ताकद ठेवलेली असते म्हणून काही झालं नाही. पण तीस-चाळीस वर्षांच्या, सळया गंजलेल्या इमारतीत मी हा धोका कधीही पत्करणार नाही.

इथे कमिटीने एक रास्त प्रश्न विचारला. गच्चीचं काम यांनीच केलं, तर दोनच पाइप आहेत आणि ते जेमतेम आहेत हे यांनी तेव्हाच सांगायला नको होतं का? हवं होतं. आणि जर सांगितलं नसतं, तर कलम ४ च्या जोरावर पूर्ण हात झटकणं मला मान्य झालं नसतं. ज्याला गच्चीचं शास्त्र कळतं त्यानेच पाण्याच्या वाटा अपुऱ्या असल्याचं दाखवून द्यायचं असतं. पण २०२२ च्या कोटेशनमध्ये एक ओळ सापडली: मागच्या कठड्यात फरशीपासून दहा सेंटीमीटरवर दोन ओव्हरफ्लो नळ्या ठेवणे. आउटलेट तुंबलं तर पाणी मेम्ब्रेनच्या काठापर्यंत चढायच्या आतच या नळ्यांतून बाहेर पडतं. शिवाय बाहेरून धार दिसली की खालून जाणाऱ्या कुणालाही कळतं की वर काहीतरी अडलं आहे. बाहेरच्या रंगावर डाग पडतील म्हणून सोसायटीने ती बाब वगळली होती, आणि तसं बैठकीच्या इतिवृत्तात आहे. सफाईची नोंद मात्र कुठेच सापडली नाही. वॉचमन “मेमध्ये साफ केलं होतं” म्हणाला. ते खरंही असेल. पण कबुतरं आणि अशोकाची झाडं असलेल्या इमारतीत मेमधली सफाई जुलैपर्यंत पुरत नाही.

५०३ ची गोष्ट वेगळी. तिथे हॉलच्या छताच्या मध्यभागी, पंख्याच्या हुकाजवळ थेंब पडत होते. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा बऱ्याच सोसायट्यांनी जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पंप यांच्या विजेसाठी सौर पॅनेल घेण्याचं मनावर घेतलं. या सोसायटीनेही एप्रिलमध्ये पॅनेल बसवले. निर्णय चांगलाच होता. पण ज्याने ते बसवले त्याने आठ पायांचा लोखंडी सांगाडा गच्चीवर उभा केला आणि प्रत्येक पायाची पट्टी चार अँकर बोल्टनी जमिनीला आवळली. एकूण बत्तीस बोल्ट. बोल्ट बारा मिलिमीटर जाड आणि शंभर मिलिमीटर लांब. फरशी आणि मसाला मिळून साठ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक बोल्ट मेम्ब्रेन भेदून स्लॅबमध्ये चार सेंटीमीटर गेला. ज्या चादरीच्या अखंडपणाची गॅरंटी होती तिला एका दुपारी बत्तीस छिद्रं पडली. वरून पायांभोवती सिमेंटचे छोटे चौथरे ओतले, त्यामुळे छिद्रं दिसेनाशी झाली. त्याच सिमेंटची भांडी धुतलेली राड दुसऱ्या आउटलेटमध्ये जाऊन बसली.

बोल्टभोवती सिलिकॉन भरलं होतं, असं पॅनेलवाल्याचं म्हणणं होतं. ते भरलं असेलही. पण उन्हाळ्यात गच्चीवरचं लोखंड तापून फुगतं, रात्री आकसतं, आणि वाऱ्याने पॅनेल हललं की बोल्टही किंचित हलतो. सिलिकॉनची कड एका ऋतूत सुटते. सुटल्यावर पाणी बोल्टच्या अंगाने खाली जातं. ते थेट स्लॅबमधून टपकलं तर शोधणं सोपं असतं. पण पुष्कळदा ते मेम्ब्रेन आणि स्लॅब यांच्यामधल्या जेमतेम फटीत आडवं पसरतं आणि दोन-तीन मीटर दूर, स्लॅबला जिथे भेग सापडेल तिथून खाली येतं. ५०३ चा थेंब जवळच्या सांगाड्याच्या पायापासून दीड मीटरवर पडत होता. म्हणूनच सदस्य म्हणत होते, “पॅनेल तर तिकडे आहेत, पाणी इथे येतंय, मग त्यांचा काय संबंध?”

संबंध दाखवण्यासाठी कंत्राटदाराने केलेली चाचणी कुठल्याही सोसायटीला करता येईल अशी आहे. सांगाड्याच्या दोन-दोन पायांभोवती विटा आणि चिकणमातीचा बांध घातला. प्रत्येक बांधात पाच सेंटीमीटर पाणी भरलं आणि त्यात वेगवेगळा रंग मिसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी ५०३ च्या छतातून पडणाऱ्या थेंबाला हिरवी झाक होती. हिरवा रंग ज्या बांधात होता त्यातल्या दोन पायांभोवतीचे चौथरे फोडले, तेव्हा एका बोल्टभोवती मेम्ब्रेन तारेसारखं पिळून फाटलेलं दिसलं. ड्रिल फिरताना ते पात्याला गुंडाळलं गेलं होतं. त्याचाही फोटो पत्राला जोडला आहे.

आता पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला परिच्छेद देतो.

“वरील दोन्ही ठिकाणे वगळता उर्वरित गच्चीची गॅरंटी पूर्वीप्रमाणेच मे २०२९ पर्यंत चालू राहील. ५०२ लगतच्या कठड्याची दुरुस्ती व ओव्हरफ्लो नळ्या बसवल्यानंतर, तसेच सौर सांगाड्याच्या पायांखालील मेम्ब्रेन आमच्या पद्धतीने पूर्ववत केल्यानंतर त्या भागांनाही उर्वरित मुदतीसाठी गॅरंटी लागू करण्यास आम्ही तयार आहोत. या कामांचे दरपत्रक सोबत जोडले आहे.”

बरेच कंत्राटदार इथे “अनधिकृत काम केल्यामुळे गॅरंटी संपूर्णतः रद्द समजावी” असं लिहून मोकळे होतात. त्याला माझा ठाम विरोध आहे. मागच्या बाजूला बोल्ट मारला म्हणून पुढच्या बाजूचा सुटलेला सांधा कंत्राटदाराचा दोष राहत नाही, हे कुठल्याच तर्कात बसत नाही. नुकसान आणि कारण यांचा संबंध जोडता आला पाहिजे, आणि तो जोडून दाखवण्याचं काम कलमाचा आधार घेणाऱ्याचं आहे. चाचणी न करता, गच्चीवर डिश अँटेना दिसली एवढ्यावरून गॅरंटी नाकारणारं पत्र आलं, तर सोसायटीने ते तसंच स्वीकारू नये. लेखी पत्राने संयुक्त पाहणी मागावी आणि त्याचा पंचनामा करावा. तरीही ऐकलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करू शकणाऱ्या व्यक्तीच्या व्याख्येत सहकारी संस्थाही आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. इमारत नवी असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर बांधकामातल्या दोषासाठी रेरा कायद्याच्या कलम १४ खाली बिल्डरकडे दाद मागता येते. तो वेगळा हक्क आहे. दुरुस्ती कंत्राटदाराच्या गॅरंटीशी त्याची गल्लत करू नये.

५०१ चा दोष कंत्राटदाराने न भांडता मान्य केला, हेही त्या पत्रावर विश्वास ठेवायचं एक कारण होतं. तिथे पाण्याच्या टाकीकडे जाणारा पाइप गच्चीतून वर येतो. त्याच्याभोवती मेम्ब्रेनची कॉलर एका बाजूला नीट वितळलेली नव्हती. बोट घातलं की उचलली जात होती. तिथे ना पाणी साचलं होतं, ना कुणी काही ठोकलं होतं. सरळसरळ कारागिरीचा दोष.

बैठकीत शेवटी वाद उरला तो पैशांचा. ५०२ आणि ५०३ च्या सदस्यांना वाटत होतं की कंत्राटदार देत नाही म्हणजे आता आपल्यालाच खर्च करावा लागणार. तसं नाही. गच्ची सोसायटीची आहे. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. वरच्या मजल्यावर राहतो हा काही त्या सदस्यांचा गुन्हा नाही. ५०२ चा खर्च सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून झाला. ५०३ चा खर्च सोसायटीने आधी केला आणि तो पॅनेलवाल्याकडे मागितला. तिथे अडचण आली, कारण त्याला दिलेल्या वर्क ऑर्डरमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल एक शब्दही नव्हता. “इथे मेम्ब्रेन आहे हे मला कुणी सांगितलंच नाही,” असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. बऱ्याच बोलण्यानंतर त्याने निम्मी रक्कम दिली.

सांगाडा पुन्हा बसवताना बोल्ट नकोत, नुसते जड काँक्रीटचे ठोकळे ठेवा असा सल्ला काहींनी दिला. तो अर्धवट आहे. पॅनेल वाऱ्याला अडवतं आणि वारा त्याला वर उचलतो. मुंबईसाठी मानकातला मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी जवळजवळ १६० किलोमीटर. त्याला पुरतील एवढे ठोकळे ठेवायचे तर त्यांचं वजन स्लॅबवर येतं आणि ते स्लॅब पेलेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशोब करून सांगावं लागतं. इथे तो हिशोब जमला नाही. म्हणून प्रत्येक पायाच्या जागी फरशी कापून मेम्ब्रेन उघडं केलं, स्लॅबला सळयांनी जोडलेले फूटभर उंचीचे चौथरे बांधले, जुन्या मेम्ब्रेनवर पंधरा सेंटीमीटर चढवून नवं मेम्ब्रेन चौथऱ्याच्या चारी बाजूंनी वर नेलं, आणि सांगाडा चौथऱ्याच्या माथ्यावर आवळला. आता बोल्ट आहेत, पण ते पाण्याच्या पातळीच्या फूटभर वर आहेत. ज्या सोसायट्या वॉटरप्रूफिंग आणि सौर पॅनेल दोन्ही करायच्या विचारात आहेत, त्यांनी हे चौथरे वॉटरप्रूफिंगच्या आधीच बांधून घ्यावेत. नंतर करायचं म्हटलं की तेच काम फोडाफोडीसकट कितीतरी महाग पडतं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर तिन्ही दुरुस्त्या झाल्या. मागच्या कठड्यात दोन ओव्हरफ्लो नळ्या बसल्या आणि आउटलेटवर उचलून बाजूला ठेवता येणार नाही अशी, स्क्रूने आवळलेली घुमटाकार जाळी आली. सोसायटीच्या कार्यालयात आता एक वही असते. त्यात जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला गच्ची साफ करणाऱ्याची सही, तारीख आणि प्रत्येक आउटलेटमध्ये बादलीभर पाणी ओतल्यावर ते किती वेळात गेलं याची नोंद होते. गच्चीवर यापुढे जे कुणी काही बसवेल, मग ती डिश असो, कॅमेरा असो की पावसाळी शेड, त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये सचिवांनी एक ओळ घालायला सुरुवात केली आहे: “या गच्चीवर फरशीखाली सहा सेंटीमीटरवर मेम्ब्रेन आहे, वॉटरप्रूफिंग कंत्राटदाराच्या लेखी संमतीशिवाय छिद्र पाडल्यास दुरुस्तीचा संपूर्ण खर्च आपल्या बिलातून वजा केला जाईल.”